कर्ण तीनदा मान खाली घालतो

"ताई नमस्कार. आमच्याकडे सध्या रोज रात्री जेवताना कर्णावरून भांडण होतं. सासऱ्यांसमोर कर्णाचं नाव काढलं की त्यांचे डोळे भरून येतात. आणि दहावीतला मुलगा म्हणतो, आजोबा, त्याने भर सभेत द्रौपदीला काय काय बोललं, अभिमन्यूला मारण्यातपण तो होता, आणि जन्मावरून अपमान तर एकलव्याचा झाला, विदुराचाही झाला, मग कर्णच का एवढा ट्रॅजिक हिरो? परवा आवाज इतके चढले की सासरे ताटावरून उठले. मला दोघांचंही पटतं. काय सांगू यांना? – एक सून, सातारा"

अगं, पहिलं म्हणजे मुलाला सांग की त्याचा प्रश्न एकदम बरोबर आहे आणि आपण मोठी माणसं त्याला जे उत्तर देतो ते अपुरं आहे. आपण म्हणतो बिचारा, कुळामुळे डावलला गेला. पण तेवढ्यावर कोणी शोकांतिकेचा नायक होत नाही, नाहीतर विदुर सगळ्यात मोठा नायक झाला असता, तिघा भावांत सगळ्यात शहाणा आणि दासीपुत्र म्हणून गादीचा विचारसुद्धा नाही. पण विदुराच्या मनात कुठे ओढाताण नाही, तो कोण आहे हे त्याला पहिल्यापासून ठाऊक आहे आणि त्याला जे म्हणायचंय ते तो धृतराष्ट्राच्या तोंडावर म्हणतो. एकलव्यावर अन्याय झाला, भयंकर झाला, पण तो एका घावात संपला, त्यानंतर त्याला स्वतःच्या हाताने काही वाईट करावं लागलं नाही. कर्णाचं वेगळं आहे. त्याचा अपमान झाला त्याच मिनिटाला त्याला मान मिळाला, आणि त्या मानानेच त्याला पुढे एकेक पायरी खाली नेलं. हे नीट दिसायला महाभारतातले तीन प्रसंग पुरतात, तिन्हींत कर्ण मान खाली घालतो आणि तिन्ही वेळचं कारण वेगळं आहे.

पहिला प्रसंग आदिपर्वातला, हस्तिनापुरातली रंगभूमी. द्रोणाचार्यांचे शिष्य काय शिकलेत ते लोकांना दाखवण्याचा दिवस, अर्जुनाचे खेळ संपत आलेत, आणि दाराशी दंड थोपटल्याचा आवाज येतो. कर्ण आत येतो, अर्जुनाने जे जे केलं ते सगळं करून दाखवतो आणि द्वंद्व मागतो. तेव्हा कृपाचार्य उठून म्हणतात, हा अर्जुन, पृथेचा म्हणजे कुंतीचा धाकटा मुलगा, पंडूचा पुत्र, कुरुकुळातला, आता तू तुझ्या आईचं, बापाचं, कुळाचं नाव सांग, कारण राजपुत्र अशातशाशी लढत नाहीत. बघ, यात शिवी नाही, आरडाओरडा नाही, नुसता नियम आहे, फॉर्मवर एक रकाना भरायचा असतो तसा. आणि व्यास लिहितात की कर्णाचं तोंड पावसाच्या पाण्याने भिजून कलंडलेल्या कमळासारखं झालं. ही पहिली खाली गेलेली मान, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नाही म्हणून.

उत्तर तिथेच बसलं होतं खरं तर. कुंतीने त्याला ओळखलं आणि ती बेशुद्ध पडली, विदुराने चंदनाचं पाणी शिंपडून तिला शुद्धीवर आणलं. शुद्धीवर आली आणि गप्प राहिली. तिच्या एका वाक्याने पुढचं सगळं टळलं असतं हे आपल्याला कळतं, त्या आवारात दुसऱ्या कोणाला कळत नाही, आणि वाचताना छातीत जे कळवळतं ते इथूनच सुरू होतं.

मग दुर्योधन पुढे येतो, म्हणतो अर्जुन राजाशीच लढणार असेल तर मी याला आत्ता अंगदेशाचा राजा करतो. लाह्या, फुलं, सोन्याचे घट, ब्राह्मण, तिथल्या तिथे अभिषेक. कर्ण विचारतो, याच्या बदल्यात तुला काय देऊ? दुर्योधन म्हणतो, मला तुझी अखंड मैत्री हवी. कर्ण म्हणतो, दिली. मुलाला हे वाक्य अधोरेखित करायला सांग, कारण पुढची सगळी वर्षं तो हेच फेडतोय.

आणि आता यातला मला सगळ्यात आवडणारा भाग, सासऱ्यांनाही हाच आवडत असेल. तेवढ्यात अधिरथ येतो. म्हातारा सारथी, अंगावरचा शेला घसरलेला, घामाघूम, थरथरतोय, काठीच्या आधाराने उभा. कर्ण दोन मिनिटांपूर्वी राजा झालाय, बापाचं नाव विचारलं तेव्हा गप्प होता, आताही गप्प राहिला असता तर कोणाला काय कळणार होतं? पण तो धनुष्य खाली ठेवतो आणि अभिषेकाच्या पाण्याने ओलं असलेलं डोकं अधिरथापुढे वाकवतो. अधिरथ गडबडीने शेल्याने पाय झाकतो, मुलाला मिठीत घेतो आणि ते ओलं डोकं रडून पुन्हा ओलं करतो. ही दुसरी खाली गेलेली मान आणि ती त्याने स्वतःहून घातलेली आहे. भीम लगेच हसतो, सूतपुत्रा, अर्जुनाच्या हातून मरायची तुझी लायकी नाही, कुळाला शोभेल असा चाबूक हातात धर, यज्ञातला पुरोडाश कुत्र्याला मिळत नाही तसं अंगदेशाचं राज्य तुला नाही. कर्णाचे ओठ थरथरतात, तो लांब श्वास सोडून वर सूर्याकडे बघतो. भीमाला उत्तर देतो तो दुर्योधन, की शूरांचं आणि नद्यांचं मूळ शोधू नये. एवढ्या मोठ्या आवारात असं बोलणारा तो एकटाच, बाकी एकही वडीलधारा नाही, आणि हा एकटा माणूस पुढे सगळ्यांच्या नाशाला कारण होणार. इथे व्यासांनी गाठ अशी मारलीय की ती पुढे कर्णाला सोडवता येत नाही.

आता तुझ्या मुलाचा मुद्दा. द्यूतसभेत विकर्ण, म्हणजे दुर्योधनाचाच धाकटा भाऊ, उठून म्हणतो की द्रौपदी जिंकली गेलेली नाही. त्याला गप्प करणारा कर्ण आहे. पाच नवऱ्यांची बायको म्हणून तिला बंधकी, म्हणजे वेश्या, म्हणणारा कर्ण आहे, आणि पांडवांची आणि द्रौपदीची वस्त्रं काढून घे असं दुःशासनाला सांगणाराही कर्णच आहे. हे लपवू नकोस, सासऱ्यांनाही लपवू देऊ नकोस. मी कर्णाची कितीही बाजू घेत असले तरी हे पान वाचताना मला त्याचा संताप येतो, प्रत्येक वेळी येतो. ज्या माणसाला भरल्या आवारात सगळ्यांसमोर शब्दांनी उघडं केलं गेलं, तोच माणूस भरल्या सभेत एका बाईला शब्दांनी उघडं करतो. अभिमन्यूचंही तसंच, द्रोणांच्या सांगण्यावरून त्या पोराचं धनुष्य तोडणारा कर्णच.

पण हे असूनही तो शोकनायक आहे असं नाही, यामुळेच आहे. नुसता निर्दोष माणूस मारला गेला तर आपण त्याला बळी म्हणतो, आपल्याला दया येते आणि मारणाऱ्याचा राग येतो, तिथे ते संपतं. नुसता दुष्ट माणूस मेला तर बरं झालं म्हणतो. कर्णाबद्दल यातलं एकही नीट म्हणता येत नाही, कारण त्याचा गुण आणि त्याची चूक एकाच जागेतून येतात, उपकार न विसरणं या जागेतून. उद्योगपर्वात तो स्वतः कृष्णाला सांगतो की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना जे कडू बोललो त्या कृत्याने आज मी जळतोय. म्हणजे आपण काय केलं हे त्याला कळलेलं आहे, आणि कळूनही तो बाजू बदलत नाही, हे बारकाईने बघायला हवं.

कृष्णाची शिष्टाई फसते, तो परत निघतो आणि कर्णाला रथात घेऊन गावाबाहेर जातो. तिथे तो सांगतो, तू कुंतीचा लग्नाआधीचा मुलगा, शास्त्राप्रमाणे पंडूचाच, म्हणजे पांडवांत थोरला, चल माझ्याबरोबर, तूच राजा होशील. आणि मग कृष्ण चित्र उभं करतो, पाचही भाऊ तुझे पाय धरतील, युधिष्ठिर चवरी धरून तुझ्या मागे रथात बसेल, भीम तुझ्यावर छत्र धरेल, अर्जुन तुझे घोडे हाकेल. चाबूक धर म्हणणाऱ्या भीमाच्या हातात छत्री आणि ज्या अर्जुनाशी लढायची लायकी नव्हती तो सारथी! रंगभूमीवरचा प्रत्येक अपमान इथे जसाच्या तसा उलटा करून ताटात वाढलाय. द्रौपदीसुद्धा सहावा नवरा म्हणून तुझ्याकडे येईल असं कृष्ण म्हणतो, आज वाचताना ते खटकतं, खटकायलाच हवं, पण आमिष किती मोठं होतं ते त्यावरून कळतं.

कर्ण म्हणतो, हे मला माहीत आहे. धर्माने मी पंडूचा मुलगा, हे ठाऊक आहे. पण कुंतीने मला टाकलं, जगूच नये असं टाकलं, आणि अधिरथाने घरी नेलं. मला बघताच राधेच्या स्तनात दूध उतरलं. आणि त्यापुढचं वाक्य तुझ्या मुलाने मोठ्याने वाचावं असं मला फार वाटतं, तो म्हणतो, तिने माझं शी-शू काढलं, तिच्या पिंडाचा लोप माझ्यासारखा माणूस कसा करेल? अगं, एवढं मोठं महाकाव्य, अस्त्रं, राज्यं, देव, आणि पृथ्वीचं राज्य नाकारायचं कारण काय तर एका सूताच्या बायकोने बाळाचे लंगोट बदलले. जातकर्म अधिरथाने केलं, वसुषेण नाव ठेवलं ते त्याने, लग्नं लावली त्याने, माझी मुलं-नातवंडं त्या घरातली आहेत, सगळी पृथ्वी दिली, सोन्याचे ढीग दिले तरी हे नातं मी खोटं करणार नाही. दुर्योधनाच्या आधाराने मी तेरा वर्षं राज्य भोगलंय, त्याने माझ्या भरवशावर हे युद्ध मांडलंय, आता मागे फिरणार नाही.

तो पुढे आणखी दोन गोष्टी बोलतो. एक म्हणजे हे युधिष्ठिराला सांगू नकोस, त्याला कळलं तर तो राज्य घेणार नाही, आणि ते माझ्याकडे आलं तर मी ते दुर्योधनालाच देईन. दुसरं म्हणजे त्याला पडलेलं स्वप्न, युधिष्ठिर भावांबरोबर हजार खांबांच्या महालात चढून जाताना दिसला. म्हणजे कोण जिंकणार हे त्याला माहीत आहे. आपल्या बाजूचं चूक आहे हेही माहीत आहे, आपला जन्मही माहीत आहे, आणि तरी तो रथातून उतरून परत आपल्या बाजूला जातो. एकलव्याला असा पर्याय कोणी दिलाच नव्हता. विदुराला गरज नव्हती. मुलाच्या 'कर्णच का'चं उत्तर माझ्या मते या रथात आहे, ज्या मानासाठी आयुष्य गेलं तो मान पूर्ण मिळत होता, फक्त तो घ्यायचा तर राधेला खोटं ठरवावं लागणार होतं.

कुंती येते तेव्हाही तेच. तो गंगेवर हात वर करून जप करतोय, ती उन्हात सुकलेल्या कमळाच्या माळेसारखी त्याच्या उत्तरीयाच्या सावलीत उभी राहून थांबते. तो वळतो आणि म्हणतो, मी राधेय, अधिरथाचा मुलगा कर्ण, तुम्हाला नमस्कार करतो. जे नाव लोकांनी शिवीसारखं वापरलं ते तो सख्ख्या आईसमोर स्वतःची ओळख म्हणून सांगतो. मग तिला सुनावतो की शत्रूनेही केलं नसतं ते तू केलंस, आणि आज आलीस ती स्वतःच्या कामासाठी, तरी तिला रिकामी पाठवत नाही, अर्जुन सोडून चौघांना मारणार नाही, तुझे मुलगे पाचच राहतील. आणि तो शब्द तो पाळतो.

इथे एक सांगायला हवं, कारण वादात ही वाक्यं येतातच. 'मी सूताला वरणार नाही' असं द्रौपदी स्वयंवरात म्हणते, हा श्लोक सगळ्या हस्तलिखितांत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात जी संशोधित आवृत्ती काढली तिच्या मुख्य पाठात तो घेतलेला नाही, उलट कर्ण, शल्य अशांनाही जे धनुष्य वाकलं नाही ते हा ब्राह्मण काय वाकवणार असं तिथे लोक बोलतात. 'दैवायत्तं कुले जन्म मदायत्तं तु पौरुषम्' हा आपण शाळेपासून ऐकतो तो श्लोकही व्यासांचा नाही, भट्टनारायणाच्या 'वेणीसंहार' नाटकातला आहे. द्रोणांनी त्याला शिकवलंच नाही हेही तितकंसं खरं नाही, तो द्रोणांकडे शिकत होता, ब्रह्मास्त्र तेवढं नाकारलं. मग ब्राह्मण असल्याचं सांगून तो परशुरामांकडे गेला, मांडीत किडा शिरला तरी गुरूची झोप मोडू नये म्हणून हलला नाही, आणि एवढी वेदना ब्राह्मण सोसूच शकत नाही म्हणून पकडला गेला. आपल्याकडच्या जांभूळ आख्यानात तर द्रौपदीच्या मनात कर्ण असतो, ती लोकांनी रचलेली गोष्ट आहे आणि फार सुंदर आहे, पण घरातल्या वादात ती पुरावा म्हणून काढू नका. सासऱ्यांच्या मनातला कर्ण बहुतेक अशा कीर्तनं, नाटकं, कादंबऱ्यांतून गोळा झालेला असणार, तिथे द्यूतसभा जरा घाईत उरकली जाते. आणि मुलाच्या मनातला कर्ण नुसत्या द्यूतसभेतला.

आणखी एक, सूत म्हणजे अगदी तळाचा असं मुलाने समजू नये. संजय सूत आहे, विराटाचा मेव्हणा कीचक सूत आहे, आणि नैमिषारण्यात ऋषींना ही अख्खी महाभारतकथा सांगणारा उग्रश्रवासुद्धा सूतच आहे. अधिरथ धृतराष्ट्राचा मित्र होता. म्हणजे कर्ण राजवाड्याच्या आत वावरतोय, सगळं बघतोय, सगळं येतंय, फक्त एका दारातून आत सोडत नाहीत. लांबून बघणाऱ्यापेक्षा उंबऱ्यावर उभं राहणाऱ्याला ते जास्त लागतं, नाही का?

आता तिसरी मान. युद्धाचा सतरावा दिवस, कर्णाच्या रथाचं चाक जमिनीत रुतलंय, तो खाली उतरून ते उपसतोय आणि अर्जुनाला म्हणतो, थांब, धर्म आठव. तेव्हा अर्जुनाच्या रथातून कृष्ण बोलतो, आज तुला धर्म आठवला होय, एकवस्त्रा द्रौपदीला सभेत आणलं तेव्हा कुठे होता तुझा धर्म, कपटाने द्यूत खेळलात तेव्हा कुठे होता, एकट्या अभिमन्यूला इतक्यांनी घेरून मारलं तेव्हा कुठे होता. प्रचलित प्रतींत पुढे असं आहे की कर्णाने लाजेने मान खाली घातली आणि काहीच उत्तर दिलं नाही. रंगभूमीवर त्याला जन्म विचारला तेव्हा तो गप्प होता आणि तो प्रश्न अन्यायाचा होता. इथे त्याला त्याचं करणं विचारलं, तो प्रश्न न्यायाचा होता, आणि तो पुन्हा गप्प. तुझा मुलगा या तिसऱ्या मानेकडे बघतोय आणि सासरे पहिलीकडे. दोघंही खरं बघतायत गं.

म्हणून असं कर. या रविवारी दोघांना समोरासमोर बसव, पण वाद घालायला नाही, वाचायला, आणि पानं अदलाबदल करून दे. द्यूतसभेतलं कर्णाचं बोलणं सासऱ्यांनी मोठ्याने वाचायचं, एकही ओळ न गाळता. कृष्णाला दिलेलं उत्तर मुलाने वाचायचं, ते शी-शूचं वाक्य गाळायचं नाही, हसू आलं तरी. मधे तू बोलू नकोस.

आणि वेळ उरला तर शांतिपर्वाच्या सुरुवातीचं एक पान तू वाच. युद्ध संपलंय, मेलेल्यांना पाणी देताना कुंतीने सांगून टाकलंय की कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला. युधिष्ठिर कोसळलाय. तो नारदांना सांगतो, द्यूतसभेत कर्ण आम्हाला इतकं कडू बोलत होता, मला भयंकर राग येत होता, आणि तेवढ्यात माझं लक्ष त्याच्या पायांकडे जायचं आणि राग उतरायचा. त्याचे पाय आईच्या पायांसारखे दिसत होते. असं का दिसतंय याचा मी खूप विचार केला, पण मला कारण सापडलं नाही.